अनुवादकाची आवक-जावक

२०२३च्या जुलैत एका सकाळी फोन आला. शेतीसाठी फवारणी पंप बनवणाऱ्या एका कंपनीतले अधिकारी बोलत होते. "ताई, २०१९मध्ये तुम्ही आमच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद केला होता. पान चौदावर चूक आहे. 'झडप बंद असताना पंप सुरू करावा' असं छापलंय. इंग्रजीत 'करू नये' आहे. जरा बघता का?"

मी बघितलं. माझ्या त्या कामाच्या फोल्डरमध्ये सात वर्ड फायली होत्या. एकीचं नाव `manual_mr.docx`, दुसरीचं `manual_mr_final.docx`, मग `final2`, मग `FINAL_sudharit`, आणि अशीच आणखी तीन. चौदाव्या पानावरचं ते वाक्य दोन फायलींत 'करावा' होतं आणि पाच फायलींत 'करू नये'. म्हणजे चूक आधी माझ्याच हातून झाली होती आणि नंतर मीच ती दुरुस्त केली होती, एवढं कळलं. पण कंपनीला गेली ती फाइल यांपैकी कोणती? नावांवरून सांगता येईना. तारखांवरही विसंबता येईना, कारण मधल्या वर्षांत काही फायली मी उघडून पुन्हा जतन केल्या होत्या आणि काही ड्राइव्हवरून नव्याने उतरवल्या होत्या.

उत्तर शेवटी फोल्डरमध्ये सापडलं नाही, ते मेलच्या 'सेंट'मध्ये सापडलं. १२ सप्टेंबर २०१९ला मी कंपनीला कच्चा मजकूर पाठवला होता. पानांची मांडणी सुरू करता यावी म्हणून त्यांनीच तो मागितला होता. त्यात 'करावा' होतं. १९ सप्टेंबरला तपासून झालेला मजकूर गेला. त्यात 'करू नये' होतं आणि सोबत 'आधीचा मजकूर वापरू नये' ही ओळही होती. डीटीपी करणाऱ्याने आधीच्याच मजकुरावर पानं लावली होती. हे उलगडायला माझे दोन दिवस गेले. त्यातला बहुतेक वेळ अशा फायली वाचण्यात गेला, ज्या माझ्या संगणकाबाहेर कधी गेल्याच नव्हत्या.

त्यानंतर मी जुन्या कामांची आवराआवर सुरू केली. नियम नवा शोधावा लागला नाही. आपल्या कुठल्याही सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. बाहेरून काय आलं आणि बाहेर काय गेलं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. मधे टेबलावर किती कच्चे कागद खरडले, याची नोंद कोणी ठेवत नाही. अनुवादकाच्या जुन्या कामालाही हीच चाळणी लागते. ग्राहकाकडून आलेलं आणि ग्राहकाकडे गेलेलं ठेवायचं. ज्याने उंबरठा ओलांडलाच नाही, ते पुसायचं. या नियमाला दोन अपवाद आहेत. त्यांच्याकडे पुढे येतेच.

एका कामाच्या पोटात काय असतं

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही, त्यांना वाटेल की अनुवाद म्हणजे एक इंग्रजी फाइल आणि एक मराठी फाइल. प्रत्यक्षात बहुतेक व्यावसायिक अनुवादक 'कॅट टूल' म्हणतात त्या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. ते मूळ मजकुराची वाक्यं सुटी करून एकेक समोर ठेवतं. आपण केलेला अनुवाद मूळ वाक्याशी जोडून साठवतं आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की जुना अनुवाद समोर आणतं. या जोड्यांच्या साठ्याला ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे आमच्या बोलण्यात 'टीएम' म्हणतात.

मी ओमेगाटी वापरते. ते मोफत मिळतं. नवं काम सुरू केलं की ते स्वतःच खाती पाडतं. `source`मध्ये मूळ फायली, `target`मध्ये तयार अनुवाद, `glossary`मध्ये शब्दसंग्रह, `tm`मध्ये जुन्या कामांतून आणलेली मेमरी आणि `omegat`मध्ये त्याचा स्वतःचा संसार. या शेवटच्या खात्यात `project_save.tmx` नावाची फाइल असते. आपण टंकलेलं प्रत्येक वाक्य तिच्यात असतं. शेजारी तिच्याच जुन्या प्रती तारीख-वेळ लावून `.bak` म्हणून साचत जातात. याशिवाय वर्डने मागे ठेवलेल्या `~$`ने सुरू होणाऱ्या फायली, शंका लिहिलेले कागद, संदर्भासाठी उतरवलेल्या पीडीएफ, पानांचे स्क्रीनशॉट, मैत्रिणीने तपासून परत दिलेली प्रत, असं कायकाय असतं. पंपाच्या त्या कामात १८,४०० शब्द होते. फोल्डरमध्ये दोनशेहून जास्त फायली होत्या. चाळणी लावल्यावर चौदा उरल्या.

आता माझ्या प्रत्येक बंद कामाचं रूप असं असतं:

```
2019-20_B014_favarni-pump/
  avak/
  javak/
  tm/
  nond.txt
```

सुरुवातीला आर्थिक वर्ष, मग बिलाचा क्रमांक, मग कामाचं नाव. बिलाचा क्रमांक फोल्डरच्या नावात घालण्याचं कारण साधं आहे. चार वर्षांनी ग्राहकाला कामाचं नाव आठवत नाही आणि मला ग्राहकाचा माणूस आठवत नाही. बिल मात्र दोघांच्याही हिशेबात त्याच क्रमांकाने असतं.

आधी बिल, मग बाकीचं

आवराआवरीची सुरुवात मी बिलापासून करते. पैसे मिटले की नाहीत हे कळल्याशिवाय त्या कामातलं काहीही पुसायचं नसतं.

बिल एकटं ठेवून भागत नाही. पंपाच्या कामाचं बिल शब्दाला २ रुपयांप्रमाणे ३६,८०० रुपयांचं होतं. बँकेत जमा झाले ३३,१२०. मधले ३,६८० कंपनीने १० टक्के टीडीएस म्हणून कापले होते. पुढे कोणी हिशेब विचारला, तर बिल आणि बँकेचं पान समोरासमोर ठेवून आकडे जुळत नाहीत. ते जुळवणारा कागद म्हणजे टीडीएसचं प्रमाणपत्र. म्हणून बिल, ग्राहकाची ऑर्डर, पैसे जमा झाल्याची बँकेची नोंद आणि टीडीएसचं प्रमाणपत्र हे चौघे एकत्र राहतात. ग्राहक परदेशातला असेल, तर परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखलाही त्यांच्यात येतो. हा दाखला काही बँका मागितल्याशिवाय देत नाहीत आणि जुन्या वर्षाचा मिळवायला खेटे घालावे लागतात. तेव्हा पैसे येतील त्याच महिन्यात तो घेऊन ठेवावा.

बिलांची एक प्रत कामाच्या फोल्डरमध्ये आणि दुसरी वर्षवार हिशेबाच्या फोल्डरमध्ये असते. सनदी लेखापाल वर्ष विचारतो, ग्राहक काम विचारतो.

किती वर्षं ठेवायचं? दोन तारखा काढून बघू. समजा, काम २०२३-२४ या आर्थिक वर्षातलं आहे. जीएसटी नोंदणी असलेल्याने हिशेबाचे कागद त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे, असं त्या कायद्याचं ३६वं कलम सांगतं. २०२३-२४ची ती तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे कागद ३१ डिसेंबर २०३०पर्यंत हवेत. प्राप्तिकराच्या १९६२च्या नियमांतला ६एफ हा नियम काही ठरावीक व्यवसायांना करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ६ वर्षं सांगतो. तोच हिशेब लावला, तर ३१ मार्च २०३१ येते. प्रत्येक बिलासाठी वेगळी तारीख काढत बसण्यापेक्षा मी आर्थिक वर्ष संपल्यावर ८ वर्षं ठेवते. दोन्ही तारखा त्यात सहज मावतात. एखाद्या वर्षाबाबत नोटीस आली असेल किंवा वाद चालू असेल, तर मात्र तो निकाली निघेपर्यंत त्या वर्षाला हात लावत नाही.

आणि ज्या कामाचे पैसेच आलेले नाहीत, ते काम बंद झालेलंच नसतं. केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी दावा करायला १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे साधारण ३ वर्षं असतात. तोवर त्यातलं सगळं, अगदी कच्चं कामसुद्धा, जागेवर राहतं. 'मजकूर मिळाला, ठीक आहे' असा ग्राहकाचा एका ओळीचा मेल अशा वेळी अख्ख्या अनुवादापेक्षा मोलाचा ठरतो.

जावक: जे गेलं, तेच आणि तसंच

`javak` खात्यात काय ठेवायचं हे ठरवताना फोल्डरमधली सगळ्यात 'फायनल' फाइल शोधायची नाही. सेंटमधला मेल उघडायचा आणि त्याला जोडलेली फाइल तिथून उतरवायची. त्याहून बरं म्हणजे अख्खा मेलच उतरवून ठेवावा. जीमेलमध्ये 'डाउनलोड मेसेज' म्हटलं की `.eml` फाइल मिळते. तिच्यात तारीख, पाठवलं कोणाला, सोबत काय लिहिलं आणि जोडलेली फाइल, हे सगळं एकत्र येतं. पंपाच्या कामाचे असे दोन मेल आहेत, १२ आणि १९ सप्टेंबरचे. कच्चा मजकूरही मी ठेवला आहे, कारण तो कच्चा असला तरी बाहेर गेला होता. उरलेल्या पाच फायली बाहेर गेल्याच नव्हत्या, त्या पुसल्या.

दुव्याने किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलेली कामं फसवी असतात. ड्राइव्हवरच्या दुव्यामागची फाइल पाठवल्यानंतरही बदलू शकते. फोन बदलला की व्हॉट्सअॅपवरची फाइल गेलीच समजा. म्हणून असं काही पाठवलं, तर त्याच दिवशी त्याची प्रत `javak`मध्ये टाकते आणि `nond.txt`मध्ये एक ओळ लिहिते.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत होत असे आणि छापखान्यांत आजही ते दिसतात. अशा फाइलमध्ये आत मराठी अक्षरं नसतातच. असतात ती इंग्रजी कळांची चिन्हं, त्या फॉन्टमुळे मराठी दिसणारी. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. माझी २००६-०७ची अशी काही कामं आज फायली शाबूत असूनही वाचता येत नाहीत.

म्हणून पोचवलेल्या प्रत्येक कामाची दोन रूपं ठेवावी लागतात. एक, जशी गेली तशी मूळ फाइल. दुसरं, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ. वर्डमधून पीडीएफ काढताना पर्यायांमध्ये 'पीडीएफ/ए' मिळतो. दीर्घकाळ जपण्यासाठीच केलेला हा प्रकार आहे आणि त्यात फॉन्ट आत असणं सक्तीचं असतं. मग नुसती पीडीएफ का नाही? कारण देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलला, तर बरेचदा वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. डोळ्यांनी वाचायला पीडीएफ चोख असते, पण त्याच मजकुरावर पुन्हा काम करायचं असेल तर वर्डची फाइलच लागते. वाद मिटवायला पीडीएफ, पुढची आवृत्ती करायला वर्ड.

छापून आलेल्या पानांची पीडीएफ ग्राहकाने दिली, तर ती `avak`मध्ये जाते. ती माझी जावक नव्हे, त्यांच्याकडून आलेली आवक आहे. युनिकोडमधून दुसऱ्या फॉन्टमध्ये जाताना मोडलेली जोडाक्षरं, गळलेली ओळ, पोटात गेलेला नकार, हे सगळं या दोन फायली शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

दोन अपवाद: मेमरी आणि शब्दसंग्रह

आता उंबरठा न ओलांडताही राहणाऱ्या दोन गोष्टी. टीएम आणि शब्दसंग्रह यांना कोणी पाहिलेलं नसतं, पण पुढच्या कामाची मजुरी त्यांवर वाचते. 'नोझल'ला या कंपनीत 'तोटी' म्हणायचं की 'नोझल'च ठेवायचं, हे एकदा ठरलेलं पुन्हा विचारावं लागत नाही.

पुसण्याआधी मेमरी बाहेर काढायची, आणि काढण्याआधी ती दुरुस्त करायची. हा क्रम चुकला की नुकसान होतं. होतं असं की, शेवटच्या सुधारणा आपण घाईत थेट वर्डमध्ये करतो. अनुवाद सुधारतो, पण मेमरीत जुनंच वाक्य राहतं. पंपाच्या कामात नेमकं हेच झालं होतं. 'करू नये' ही सुधारणा मी वर्डमध्ये केली होती आणि ओमेगाटीच्या मेमरीत २०२३पर्यंत 'करावा' तसंच बसून होतं. त्या कंपनीचं पुढचं काम आलं असतं, तर तेच चुकीचं वाक्य सॉफ्टवेअरने मला आयतं पुढे केलं असतं.

म्हणून आता गेलेली फाइल आणि मेमरी शेजारी ठेवून फरक आधी मेमरीत भरते. मग ओमेगाटीमध्ये अनुवादित फायली पुन्हा तयार करायला सांगते. त्या वेळी ते प्रोजेक्टच्या नावाने तीन मेमरी फायली बनवतं. त्यांतली `-omegat.tmx`ने संपणारी मी ठेवते. `project_save.tmx`मध्ये मधेच वगळलेल्या, बदललेल्या मजकुराची वाक्यंही अडकून राहिलेली असतात. या नव्या फाइलमध्ये मात्र सध्याच्या मूळ मजकुरातलीच वाक्यं येतात. टीएमएक्स हा सामाईक प्रकार असल्याने दुसरी कॅट टूल्सही तो वाचतात. उद्या मी सॉफ्टवेअर बदललं तरी साठा वाया जाणार नाही. फाइल खरंच चालते का हे बघायला एक रिकामं प्रोजेक्ट काढून तिच्या `tm` खात्यात ती टाकते, मूळ फाइल उघडते आणि जुना अनुवाद समोर येतो का ते पाहते. हे पाहिल्याशिवाय जुनं `omegat` खातं पुसत नाही.

जे ठेवूच नये

'जागा आहे, राहू दे' हा विचार अनुवादकाला परवडत नाही, आणि त्याचं कारण जागेत नाही. गोपनीयतेच्या करारांत बरेचदा अट असते, की काम संपल्यावर दिलेली सामग्री परत करावी किंवा नष्ट करावी. त्यात मूळ फायलींबरोबर अनुवाद आणि मेमरीही येऊ शकते. तेव्हा आधी करार वाचायचा आणि जे नष्ट करायचं ठरलं आहे, ते आवक असो वा अपवाद, काढून टाकायचं. मागे उरतं ते बिल आणि त्याचे सोबती.

माणसांच्या कागदपत्रांना हेच जास्त लागू पडतं. जन्मदाखले, घटस्फोटाचे निकाल, रुग्णालयाचे अहवाल अनुवादाला येतात. वैयक्तिक माहितीचं काम संपलं आणि कायद्याने ती ठेवण्याची गरज नसली की ती पुसावी, हीच दिशा २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची आहे. अशा कामाच्या वेळीच मी विचारते, "वर्षभराने आणखी एक प्रत लागेल का?" हो म्हटलं, तर एक वर्ष ठेवते. नाही म्हटलं, तर पैसे आले की पुसते.

इथे फाइल पुसली तरी नाव राहतं. टीएम मूळ वाक्य जसंच्या तसं साठवते. दाखल्याची फाइल गेली, पण मोठ्या मेमरीत त्या माणसाचं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव बसलेलंच असतं. पुढे दुसऱ्याच कोणाच्या कामात ते अचानक समोर येतं. म्हणून वैयक्तिक कागदांची मेमरी मी मोठ्या साठ्यात मिसळतच नाही. त्यातले शब्द उपयोगी असतील तर ते शब्दसंग्रहात जातात, वाक्यं जात नाहीत.

पुसताना प्रती कुठेकुठे आहेत, हेही बघावं लागतं. डाउनलोड्समध्ये एक असते, मेलमध्ये एक, फोनमध्ये एक, बॅकअपच्या डिस्कवर एक, आणि तपासायला दिलेल्या मैत्रिणीकडे एक. ड्राइव्हवरची पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते. ती तिथूनही काढावी लागते.

बाकी कामांत मी लगेच पुसत नाही. पैसे आले आणि पुस्तिका छापून झाली की पुसायच्या फायली एका फोल्डरमध्ये हलवते आणि त्याच्या नावात सहा महिन्यांनंतरची तारीख घालते. ती तारीख उलटली की फोल्डर जातं. आजवर या सहा महिन्यांत दोनदाच त्यातलं काही परत काढावं लागलं. दोन्ही वेळा तो शंकांचा कागद होता आणि ग्राहकाने त्याला मेलवर उत्तरं दिली होती. म्हणजे तो बाहेर जाऊन आलेला होता. मीच त्याला चुकीच्या फोल्डरमध्ये टाकलं होतं.

कंपनीला मी दोन्ही मेल पाठवले. त्यांनी उरलेल्या पुस्तिकांत शुद्धिपत्र चिकटवलं. आभार मानताना त्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "पण ताई, चुकीची फाइल तुम्ही जपून का ठेवली होती? ती काढून टाकली असती, तर तुमच्यावर बोटच आलं नसतं." खरं तर ती मी जपली नव्हती, ती मेलमध्ये पडून राहिली होती. पण काढली असती, तर उरलेल्या पुराव्यातून एवढंच दिसलं असतं, की माझा मजकूर बरोबर होता आणि चूक डीटीपीवाल्याची होती. त्या बिचाऱ्याने तर समोर आलेला मजकूरच पानावर लावला होता. आता मी कच्चा मजकूर पाठवते, तेव्हा प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'कच्चा मजकूर, छपाईसाठी नाही' असं लिहिते, आणि ती फाइल `javak`मध्ये टाकते.